टेरॅटोजेनिक औषधांवर पाच मिनिटांचा सेमिनार: एक रुग्ण, एक औषध, एक कॅलेंडर

फार्माकॉलॉजीच्या सेमिनारला ‘गरोदरपणातली औषधं’ हा विषय वाट्याला आला की बहुतेक जण पुस्तकातला तक्ता उचलून स्लाइडवर टाकतात. डावीकडे वीस औषधं, उजवीकडे वीस व्यंगं. पाच मिनिटांत वीस औषधं म्हणजे एकेका औषधाला पंधरा सेकंद. ऐकणारे पहिल्या चार नावांनंतर मोबाइल काढतात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते, कारण तो तक्ता त्यांच्याकडेही आहे.

त्यापेक्षा एकच औषध घ्या आणि ते शेवटपर्यंत न्या. आमची निवड सोडियम व्हॅलप्रोएट. फिटच्या आजारात ते आपल्याकडे सर्रास दिलं जातं. ज्यांना दिलं जातं त्यांत तरुण मुली बऱ्याच असतात, शिवाय बायपोलर आजारात आणि मायग्रेनमध्येही ते लिहिलं जातं. पण खरं कारण वेगळं आहे. थॅलिडोमाइड घेतलं तर ‘ते औषध देऊच नका’ एवढ्यावर गोष्ट संपते. व्हॅलप्रोएटमध्ये ती संपत नाही. औषध बाळाला घातक आहे आणि अचानक बंद केलं तर आईला घातक आहे. ‘जपून औषध लिहिणं’ म्हणजे नक्की काय, हे या एका औषधावर पूर्ण दाखवता येतं.

आधी केस कागदावर उतरवा

स्लाइड करायला बसण्यापूर्वी रुग्ण ठरवा. काल्पनिकच असू द्या, पण तपशील खरे वाटतील असे घ्या. उदाहरणार्थ ही केस:

वय २३. सोळाव्या वर्षापासून जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. सकाळी उठल्या उठल्या हाताला झटके यायचे, चहाचा कप हातातून उडायचा. दोनदा मोठी फिट आली होती, दोन्ही वेळा रात्रीच्या जागरणानंतर. सध्या सोडियम व्हॅलप्रोएट ५०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, म्हणजे दिवसाला १००० मिलिग्रॅम. तीन वर्षांत फिट नाही. सहा महिन्यांनी लग्न ठरलंय. ती ओपीडीत आलीये ती मात्र सर्दीसाठी.

हे शेवटचं वाक्य गाळू नका, केसचा सगळा जोर त्यात आहे. या मुलीने मूल होण्याबद्दल काहीही विचारलेलं नाही. विचारायचं आपल्याला आहे, आणि आज विचारलं नाही तर पुढची भेट बहुधा पाळी चुकल्यानंतरच होईल. ती उशिराची का ठरते, हे सांगणं हाच तुमच्या सेमिनारचा मुख्य भाग.

कॅलेंडरचं गणित फळ्यावर करा

हा भाग स्लाइडवर तयार ठेवू नका. खडूने किंवा मार्करने सगळ्यांसमोर करा. एक आडवी रेघ ओढा आणि तारखा टाकत जा.

शेवटची पाळी १ जूनला आली असं धरा. पाळी २८ दिवसांची असेल तर गर्भधारणा साधारण १५ जूनला. पुढची पाळी यायला हवी होती २९ जूनला. ती चुकली. बहुतेक बायका आठवडाभर वाट बघतात, मग मेडिकलमधून पट्टी आणतात. तारीख झाली ६ जुलै. पट्टी पॉझिटिव्ह आली, घरी सांगितलं, नंबर लावला, डॉक्टरांकडे पोचली २० जुलैला. सोनोग्राफीच्या भाषेत तेव्हा तिला सात आठवडे झालेले असतात.

आता रेघेच्या खाली बाळाची तारीख टाका. मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून घडतात ती न्यूरल ट्यूब गर्भधारणेपासून २८व्या दिवसापर्यंत पूर्ण बंद होते. १५ जून अधिक २८ दिवस म्हणजे १३ जुलै. डॉक्टरांची भेट २० जुलैला. ट्यूब बंद व्हायची असेल तर आठवड्यापूर्वीच झालेली आहे, नसेल झाली तर स्पायना बिफिडा किंवा अनेनसेफली ठरून गेलेली आहे. २० जुलैला औषध बदलून त्या व्यंगात काहीही फरक पडत नाही.

फळ्यावर १३ आणि २० या दोन तारखांभोवती गोल करा आणि पाच सेकंद काही बोलू नका. तेवढा वेळ वर्गाला हिशेब करायला लागतो.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक ध्यानात ठेवा. गर्भाचं वय मोजायच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांत दोन आठवड्यांचा फरक आहे. एम्ब्रियॉलॉजीचं पुस्तक गर्भधारणेपासून मोजतं, ओपीडी आणि सोनोग्राफी शेवटच्या पाळीपासून. ‘ट्यूब चौथ्या आठवड्यात बंद होते’ आणि ‘सहाव्या आठवड्यात बंद होते’ ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, फक्त घड्याळं वेगळी. एका स्लाइडवर एक आणि दुसऱ्यावर दुसरं वापरलंत तर पहिला प्रश्न तिथेच येणार. एक पद्धत निवडा, सुरुवातीलाच सांगा आणि तीच शेवटपर्यंत ठेवा. आम्ही पाळीपासून मोजायचं सुचवू, कारण रुग्ण तीच तारीख सांगते.

वेळेचं महत्त्व पटवायला थॅलिडोमाइड इथे वापरा, पण दोनच वाक्यांत. १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलेलं हे औषध १९६१च्या नोव्हेंबरात मागे घेतलं गेलं. दहा हजारांहून अधिक मुलांना त्याने बाधा झाली असं मानलं जातं. आपल्या मुद्द्याचं त्यातलं एवढंच: शेवटच्या पाळीपासून साधारण ३४व्या ते ५०व्या दिवसांत गोळी घेतली गेली तर व्यंग येई, आणि त्यातही सुरुवातीच्या दिवसांत घेतली तर कान, नंतर हात, त्यानंतर पाय. गोळी तीच, पण त्या दिवशी जो अवयव घडत होता त्याला फटका बसला.

आकडे थोडे आणि नीट

व्हॅलप्रोएटचा संशय नवा नाही. औषध फ्रान्समध्ये १९६७ साली आलं आणि स्पायना बिफिडाशी त्याचा संबंध १९८२ साली फ्रान्समधल्याच लियॉनहून कळवला गेला. त्यानंतर फिटचा आजार असलेल्या गरोदर स्त्रियांच्या नोंदवह्या अनेक देशांत सुरू झाल्या. आपल्याकडे केरळातली नोंदवही १९९८पासून तिरुवनंतपुरमला चालते. युरोपातून सुरू झालेली मोठी आंतरराष्ट्रीय नोंदवही म्हणजे यूरॅप. तुमच्या स्लाइडवरचे आकडे तिथले घ्या, कारण ते डोसनुसार दिलेले आहेत.

कोणतंही औषध न घेणाऱ्या आयांच्या १०० बाळांपैकी दोन-तीन बाळांना मोठं जन्मजात व्यंग असतंच. हा आकडा आधी सांगितल्याशिवाय पुढचा एकही आकडा सांगू नका. व्हॅलप्रोएट दिवसाला ६५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर १०० पैकी सुमारे ६. ६५० ते १४५० असेल तर सुमारे ११. त्याहून जास्त असेल तर सुमारे २५. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम या दोघांसाठी सुमारे ३, म्हणजे औषध न घेणाऱ्यांच्या जवळपास.

आपल्या केसमधली मुलगी १००० मिलिग्रॅमवर आहे. तिचा आकडा १०० पैकी ११. ‘धोका चौपट होतो’ असं म्हणू नका. चौपट ऐकून रुग्ण घाबरते आणि गोळ्या कचऱ्यात टाकते. ‘शंभरातल्या अकरा बाळांना मोठं व्यंग, एकोणनव्वदांना नाही’ हे ऐकून ती विचार करू शकते. वर्गालाही असंच सांगा, कारण उद्या त्यांना ओपीडीत हेच बोलायचं आहे.

पण इथेच थांबलात तर व्हॅलप्रोएटची निम्मीच गोष्ट सांगून होईल. पोटात असताना या औषधाचा संपर्क आलेल्या मुलांपैकी १०० तली ३० ते ४० मुलं बोलणं, चालणं, शिकणं यांत मागे पडतात. ऑटिझमचं प्रमाणही वाढतं. सहाव्या वर्षी तपासलेल्या मुलांचा बुद्ध्यांक इतर औषधांवरच्या आयांच्या मुलांपेक्षा सरासरी सात ते दहा गुणांनी कमी आढळला. हे सोनोग्राफीत दिसत नाही. बाळ जन्मतं तेव्हाही दिसत नाही. आणि मेंदू नऊच्या नऊ महिने वाढत असतो, त्यामुळे याची खिडकी १३ जुलैला बंद होत नाही. पहिले तीन महिने टळले, आता काळजी नाही, हा समज व्हॅलप्रोएटच्या बाबतीत चुकीचा आहे. सेमिनारमधलं एकच वाक्य ठळक करायचं असेल तर हे करा.

औषध असं का करतं, हे कुणी विचारलं तर थोडक्यात उत्तर पुरतं: व्हॅलप्रोएट हिस्टोन डीॲसिटिलेज हे एन्झाइम रोखतं, त्यामुळे भ्रूणातली जनुकं चालू-बंद होण्याचं वेळापत्रक बिघडतं, फोलेटच्या कामातही ते अडथळा आणतं. पाच मिनिटांत यापेक्षा खोल जाऊ नका.

प्रिस्क्रिप्शन वर्गासमोर लिहा

आता सर्दीसाठी आलेल्या त्या मुलीकडे परत या. पहिलं काम बोलण्याचं, आणि बोलायचं तिच्या एकटीशी. आपल्याकडे फिटचा आजार सासरी सांगितलेला नसतो, कधी होणाऱ्या नवऱ्यालाही नाही. सोबत आत्या किंवा होणारी नणंद आली असेल आणि तुम्ही तिच्यासमोर फिटच्या गोळ्यांचा विषय काढलात तर ती मुलगी पुन्हा तुमच्याकडे यायची नाही. ‘तपासायला आत घेतो, तुम्ही जरा बाहेर बसा’ एवढं सांगितलं की काम होतं. मग विचारायचं:

‘ताई, या गोळ्या बाळासाठी त्रासाच्या असतात, म्हणून विचारतोय. लग्नानंतर मूल लगेच हवंय की थोडं थांबायचंय?’

ती बहुधा लगेच म्हणेल, ‘मग डॉक्टर, मी आजपासून बंदच करते.’ यावर तुमचं उत्तर तयार हवं. ‘नाही ताई, एकही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. अचानक सोडली तर मोठी फिट येऊ शकते, एकामागून एकही येऊ शकतात. आपण दुसरी गोळी सुरू करू, ती लागू पडली की ही हळूहळू काढू. त्याला काही महिने लागतात, म्हणून आजच सुरुवात करायची.’ हा संवाद दोघांनी मिळून वर्गात बोलून दाखवला तर चाळीस सेकंद लागतात आणि कुठल्याही स्लाइडपेक्षा जास्त लक्षात राहतो. लग्नाच्या गडबडीत गोळी चुकू देऊ नको आणि हळदीच्या रात्री जागू नको, हेही तिला सांगायला हवं. तिच्या दोन्ही फिट जागरणानंतरच्या होत्या.

मग औषध. इथे पुष्कळ विद्यार्थी ‘लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटाम द्या’ असं लिहून मोकळे होतात. या मुलीला यांतलं कोणतं, हे सांगता आलं पाहिजे. तिला मायोक्लोनिक झटके आहेत. लॅमोट्रिजिनने काही जणांत ते वाढतात. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइनने तर ते बऱ्याचदा बिघडतात. म्हणून तिच्यासाठी लेव्हेटिरासिटाम. निर्णय न्यूरॉलॉजिस्टचा, पण अदलाबदल साधारण कशी होते ते फळ्यावर लिहून दाखवा:

लेव्हेटिरासिटाम २५० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, दोन आठवडे. मग ५०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ. झटके आले तर आणखी वाढ. या सगळ्या काळात व्हॅलप्रोएट जसंच्या तसं. नवी गोळी पुरेशा डोसवर स्थिरावली की व्हॅलप्रोएट दर दोन ते चार आठवड्यांनी २०० मिलिग्रॅमने कमी. १००० वरून शून्यावर यायला पाच पायऱ्या, म्हणजे दहा ते वीस आठवडे. लग्न सहा महिन्यांवर आहे, म्हणजे वेळ पुरतो, पण आज सुरू केलं तरच.

लेव्हेटिरासिटामने काही जणांत चिडचिड वाढते, मन उदास होतं. नव्या घरात नांदायला निघालेल्या मुलीला हे आधी सांगितलं नाही तर ‘माझा स्वभावच बिघडला’ असं तिला वाटतं आणि ती गोळी सोडते.

बदल पूर्ण होईपर्यंत, आणि त्यानंतरही काही महिने, गर्भनिरोधन हवं. व्हॅलप्रोएट आणि लेव्हेटिरासिटाम दोन्ही लिव्हरची एन्झाइम वाढवत नाहीत, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, अंतरा इंजेक्शन, तांबी, यांतलं काहीही चालतं. ती कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइनवर असती तर गोळ्यांचा भरवसा राहिला नसता. लॅमोट्रिजिनचं उलटं आहे: इस्ट्रोजेन असलेली गोळी त्याची रक्तातली पातळी खाली आणते आणि फिट परत येऊ शकते. गर्भधारणेआधी नऊ महिने ते वर्षभर फिट आली नसेल तर गरोदरपणातही ती न येण्याची शक्यता बरीच असते, म्हणून एवढं थांबायचं.

त्यासोबत फोलिक ॲसिड. फिटच्या औषधांवरच्या स्त्रीला आपल्याकडे सहसा ५ मिलिग्रॅमची गोळी रोज एक अशी देतात, गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत. सर्वसाधारण स्त्रीला ४०० मायक्रोग्रॅम पुरतात. इथे एक बारकावा वर्गाला नक्की सांगा. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं, पण गरोदरपणात ती चौथ्या महिन्यापासून दिली जाते. ॲनिमियासाठी ती उत्तम. न्यूरल ट्यूबसाठी तिला फार उशीर झालेला असतो. तुमच्या फळ्यावरची १३ जुलै पुन्हा दाखवा. आणि व्हॅलप्रोएट चालू ठेवून वर फोलिक ॲसिड दिलं की धोका मिटला, असंही नाही. बुद्धीवरच्या परिणामावर त्याचा भरवसा धरता येत नाही.

या आखणीची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगा. काही जणींच्या फिट व्हॅलप्रोएटशिवाय आटोक्यात येतच नाहीत. मग सगळी माहिती देऊन, तिच्या संमतीने, जमेल तितक्या कमी डोसवर, दिवसातून विभागून ते चालू ठेवावं लागतं. मायग्रेनसाठी मात्र गरोदरपणात व्हॅलप्रोएटला काहीच जागा नाही, तिथे ही ओढाताणच नसते.

वेळ आणि स्लाइड

पाच मिनिटांत मराठी-इंग्रजी मिसळून सावकाश बोललं तर पाचशे ते साडेपाचशे शब्द बसतात. लिहून मोजा. स्लाइड चारच: केस, डोसनुसार आकडे, अदलाबदलीच्या पायऱ्या, आणि शेवटची इतर औषधांची. पहिला अर्धा मिनिट केस. पुढचा दीड मिनिट फळ्यावरचं कॅलेंडर. एक मिनिट आकडे. दीड मिनिट संवाद आणि प्रिस्क्रिप्शन. उरलेला अर्धा मिनिट इतर औषधांना. घड्याळ लावून उभं राहून दोनदा म्हणून बघा, कारण बसून वाचताना नेहमी कमी वेळ लागतो. पाच मिनिटांच्या पुढे गेलात तर आकड्यांचा भाग छाटा, कॅलेंडरला हात लावू नका.

शेवटच्या स्लाइडवर चारच औषधं ठेवा, आणि प्रत्येकाच्या पुढे धोका कधी हेही लिहा. रक्तदाबाची एनालाप्रिल, रॅमिप्रिल ही औषधं मुख्यतः चौथ्या महिन्यापासून बाळाच्या किडनीवर घाव घालतात, गर्भजल आटतं. बदली लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथिलडोपा. वॉरफरिनचा हाडांवर आणि नाकावर परिणाम साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. बदली बहुतेकदा हेपॅरिन, पण कृत्रिम झडप असेल तर निर्णय हृदयरोगतज्ज्ञाचा. मुरुमांच्या आयसोट्रेटिनॉइनला गरोदरपणात बदली शोधायचीच नाही; ते चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भनिरोधन. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक विसाव्या आठवड्यानंतर टाळायची, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. चार औषधं, चार वेगळ्या वेळा. ‘पहिले तीन महिने जपा’ हा ढोबळ नियम का पुरत नाही, ते यातून बोलल्याशिवाय कळतं.

दोन गोष्टी स्लाइडवर टाकू नका. एक, व्यंग असलेल्या बाळांचे फोटो. वर्गात कुणाच्या घरी काय घडलंय आपल्याला माहीत नसतं, आणि फोटो पाहिल्यावर पुढचं कुणी ऐकतही नाही. दोन, ए, बी, सी, डी, एक्स ही अक्षरं. अमेरिकेच्या एफडीएने ती १९७९ साली आणली होती आणि २०१५पासून नव्या लेबलांवरून काढायला सुरुवात केली. जुन्या गाइडांमध्ये आणि जुन्या प्रश्नसंचांत ती अजून भेटतात. काढण्याचं कारण आपल्या विषयाला धरूनच आहे: एका अक्षरात ना डोस कळतो, ना आठवडा. सी आणि डी यांना लोक शाळेतल्या ग्रेडसारखं वाचायला लागले होते. परीक्षेत विचारली तर लिहा, पण ती आजही चालू आहेत असं सांगू नका.

‘सेफ’ हा शब्दही जपून वापरा. लेव्हेटिरासिटाम सेफ आहे, असं नाही म्हणायचं. ‘आजवरच्या नोंदींत व्हॅलप्रोएटपेक्षा धोका बराच कमी दिसतो’ असं म्हणायचं. लांब वाटतं, पण खरं तेवढंच आहे.

हमखास येणारे प्रश्न

‘डायव्हॅलप्रोएक्स दिलं तर?’ हा प्रश्न चांगला आहे, कारण खऱ्या चुका इथेच होतात. शरीरात गेल्यावर ते व्हॅलप्रोएटच होतं. ‘क्रोनो’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांतही तेच असतं. रुग्णाच्या चिठ्ठीवर फक्त कंपनीचं नाव असतं, म्हणून पाकीट उलटून मागची बारीक अक्षरं वाचायची सवय हवी.

‘नवरा व्हॅलप्रोएटवर असेल तर?’ युरोपच्या औषध नियामकांनी २०२४ साली पुरुषांसाठीही खबरदारीची सूचना दिली. गर्भधारणेच्या आधीच्या तीन महिन्यांत वडिलांनी ते घेतलं असेल तर मुलाच्या विकासावर परिणामाचा धोका किंचित वाढलेला असू शकतो, एवढंच म्हणता येतं. पुरावा पक्का नाही. आईच्या बाबतीतल्या धोक्याशी त्याची तुलना होत नाही.

‘ती आधीच गरोदर होऊन आली तर?’ हा प्रश्न येणारच, आणि याचं उत्तर पाठ असायला हवं. समजा ती आठव्या आठवड्यात व्हॅलप्रोएटवरच आली. गोळी त्या दिवशी थांबवायची नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी न्यूरॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांशी बोलायचं. न्यूरल ट्यूबची वेळ गेलेली आहे, पण मेंदूची वाढ पुढे सात महिने चालणार आहे, म्हणून डोस कमी करणं किंवा औषध बदलणं आताही विचारात घेण्यासारखं असतं. फिटचा धोका तोलून ते तज्ज्ञ ठरवतात. फोलिक ॲसिड सुरू करायचं. ११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी, १६ ते १८ आठवड्यांत रक्तातलं अल्फा फीटोप्रोटीन, आणि १८ ते २० आठवड्यांत बारकाईने केलेली ॲनोमली स्कॅन, ज्यात मणका आणि हृदय मुद्दाम बघायला सांगायचं. स्कॅनच्या चिठ्ठीवर ‘व्हॅलप्रोएट, दिवसाला १००० मिलिग्रॅम’ असं ठळक लिहायचं. तपासणाऱ्याला ते माहीत असेल तर तो मणक्यावर जास्त वेळ देतो. ही तारीख पुढे ढकलू द्यायची नाही. भारतीय कायद्याप्रमाणे २०व्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, २० ते २४ आठवड्यांत गंभीर व्यंगासारख्या ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने, आणि त्यापुढे गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. काय करायचं ते ती आणि तिचं घर ठरवेल, पण ठरवायला त्यांच्या हातात दिवस उरले पाहिजेत.

आणि तिने गोळी आधीच सोडलेली असेल तर? तेही विचारायचं, रागावून नाही. ‘शेवटची गोळी कधी घेतली, ताई?’ एवढंच. उत्तर ‘पंधरा दिवस झाले’ असं आलं तर तिला कोणतं औषध द्यायचं हे त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टला विचारून ठरवायचं, व्हॅलप्रोएट आपणहून पुन्हा सुरू करायचं नाही. तोवर पुरेशी झोप, एकटीने विहिरीवर, नदीवर किंवा गॅससमोर न जाणं, आणि घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला फिट आल्यावर कुशीवर कसं वळवायचं ते करून दाखवणं, एवढं तुमच्या हातात आहे.